पोट रिकामं आहे, म्हणजे तसं रिकामंच

संध्याकाळच्या प्रत्येक योगवर्गात एक अण्णा असतात. चटई पसरता पसरता ते 'आज काही खाल्लेलंच नाही' असं न विचारता जाहीर करतात आणि ते करताना मिशीला लागलेली शेव हळूच पुसतात. आमचे अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सहाची बॅच असते, तिचे ते संस्थापक सदस्य. आयुष्य खतावणीत गेल्यामुळे हिशेब चोख, पण पोटाचं खातं लिहायची त्यांची पद्धत स्वतंत्र होती. उभ्याने खाल्लेलं जमेला धरायचं नाही. दुसऱ्याच्या बशीतलं धरायचं नाही. प्रसाद तर नाहीच नाही. चहाबरोबरची खारी चहाच्याच खाती टाकायची, कारण बुडवल्यावर ती वेगळी राहते कुठे?

आमच्या योगशिक्षिका, ज्यांना साठीतली माणसंही ताई म्हणतात, त्या पोट न विचारता ओळखत. वर्गाला सुरुवात झाली की त्यांची नजर श्वासावर. पोटभर खाऊन आलेल्या माणसाला श्वास खाली पोटापर्यंत नेता येत नाही. भरलेलं जठर पडद्याला खाली सरकू देत नाही. मग तो माणूस छातीच्या वरच्या भागातच लहान लहान श्वास घेतो आणि वर 'आज हवेत दमटपणा आहे' म्हणतो. अण्णांच्या मते कोथरूडची हवा बाराही महिने दमट होती.

त्यांच्याकडे ग्रंथाधारही होता. बी. के. एस. अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' हे १९६६ सालचं पुस्तक त्यांच्या कपाटात होतं आणि त्यातलं एक पान दुमडलेलं होतं. आसनं रिकाम्या पोटी करावीत, ते जमत नसेल तर आधी कपभर चहा, कॉफी किंवा दूध चालेल, असं तिथे सांगितलंय. अण्णा या पानावर कपापर्यंत येऊन थांबत. त्याच ठिकाणी पुढे अगदी हलक्या खाण्यानंतर निदान एक तास आणि भरपेट जेवणानंतर निदान चार तास जाऊ द्यावेत असंही म्हटलंय, ते त्यांच्या दुमडीत गेलं असावं. ताईंनी एकदा ते उलगडून दाखवलं. अण्णा म्हणाले, "चार तास म्हणजे भरपेट जेवणाला. मी भरपेट जेवतो कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर संकष्टीच्या दिवशी मिळालं.

"अण्णा, आज काय खाऊन आलात?" ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं.

"ताई, आज चतुर्थी. निरंकार आहे सगळं. फक्त खिचडी."

"कधी?"

"दुपारी. आणि मग उरली होती म्हणून साडेचारला वाटीभर. टाकायची का अन्न?"

साबुदाण्याची खिचडी हा उपवासाचा पदार्थ आहे, पण हलका पदार्थ नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत महाराष्ट्रात घरोघरी होते. साबुदाणा नुसता पिष्ट आहे, त्याचं फारसं काही नाही. त्याला मिठी मारून बसलेलं शेंगदाण्याचं कूट, फोडणीचं तूप आणि वरून बटाटा, यांची गोष्ट वेगळी. जठरातून पातळ पदार्थ लवकर पुढे सरकतात, घट्ट पदार्थ बारीक होईपर्यंत थांबतात आणि स्निग्धांश आला की जठर आपला वेग आणखी कमी करतं. आतड्यात चरबी पोचली की तिथूनच 'वरचा माल सावकाश सोडा' असा निरोप येतो. त्यामुळे वाटी लहान की मोठी यापेक्षा वाटीत तूप किती आणि घड्याळात किती वाजले, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे. अण्णांच्या वाटीत तूप बरंच होतं आणि घड्याळात जेमतेम दीड तास झाला होता.

पश्चिमोत्तानासनात अण्णा गुडघ्यापर्यंत वाकले आणि तिथेच थांबले. "मांडीचा स्नायू धरलाय," म्हणाले. मांडीचा काही दोष नव्हता. पुढे वाकलं की पोटावर दाब येतो आणि आत जे असेल ते वर जायला बघतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूचं एक कडं असतं, ते एरवी दार आवळून धरतं. पण जठर फुगलेलं असलं की ते सैल पडतं, आणि चहा-कॉफी, तूप, चॉकलेट यांनीही काही जणांचं सैल पडतं. त्यानंतर सर्वांगासन आलं. ताई म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही आज करू नका." अण्णांनी ते वाक्य बँकेच्या परिपत्रकासारखं ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. पाय वर गेले, आणि काही क्षणांत त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की शेजारच्या चटईवरच्या मी माझी चटई हातभर सरकवली.

घशाशी आंबट आलं, तोंडात पाणी सुटलं, कपाळावर घाम. अण्णा खाली आले आणि शवासनात पडू लागले, तेव्हा ताईंनी त्यांना अडवलं. आडवं झालं की ते आणखी वर येतं. भिंतीला टेकवून ताठ बसवलं, कमरेची नाडी सैल करायला लावली, आणि अण्णा तांब्याभर पाणी पिऊ लागले तर तांब्या काढून घेऊन घोटभरच दिलं. पाच-दहा मिनिटांत अण्णा बोलू लागले. पहिलं वाक्य होतं, "साबुदाणा जुना असावा."

त्या संध्याकाळनंतर अण्णांनी बाजू बदलली, आणि अण्णांची जात बाजू बदलते तेव्हा थेट दुसऱ्या टोकाला जाते. आता दुपारी साडेअकराला दोन फुलके, मग सहापर्यंत कडकडीत काही नाही. बॅचमध्ये आले की इतरांच्या पोटाकडे करुणेनं बघत. कुणाला ढेकर आला की मान हलवत. हे आठवडाभर चाललं. मग एकदा उत्तानासनातून वर येताना त्यांनी खिडकीचा गज पकडला.

"डोळ्यांपुढे काळोख आला," ते म्हणाले. हात थरथरत होते, घाम थंडगार होता आणि आवाजात प्रथमच नम्रता होती. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई त्याच बॅचला येतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साखरेची गोळी घेतली का?" अण्णांनी घेतली होती. काही गोळ्या, आणि इन्सुलिन तर नक्कीच, खाणं झालेलं आहे असं धरून काम करतात. खाणं झालेलं नसेल तरी त्यांचं काम चालूच राहतं, आणि वर व्यायामानंही साखर उतरते. डॉक्टरीणबाईंनी चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि बजावलं की गोळ्या चालू असतील तर 'रिकाम्या पोटी' हा नियम आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळायचा नाही.

मग त्यांनी अण्णांना एक खूण शिकवली, जी मला त्या वर्षातली सगळ्यात उपयोगी माहिती वाटली. मळमळ दोन्हीकडून येते. भरल्या पोटाची मळमळ वाकलं की वाढते, तिच्यासोबत ढेकर, आंबट पाणी, कधी बरगडीखाली कळ असते, आणि ताठ बसलं की ती उतरते. उपाशी पोटाची मळमळ झटकन उठलं की येते, तिच्यासोबत कापरं, थंड घाम, डोकं हलकं होणं असतं, आणि काही गोड पोटात गेलं की ती जाते. अण्णांनी दोन्ही स्वतः करून पाहिल्या होत्या, त्यामुळे हा धडा त्यांना अनुभवासह मिळाला.

मार्ग मात्र दाखवला त्यांच्या नातीनं. सहाची योगाची बॅच संपली की त्याच हॉलमध्ये सातला कथकचा वर्ग भरतो, आणि नात आठवीत, घुंगरांची पिशवी सावरत येते. नाचणाऱ्या मुलींचं पोटाचं शास्त्र योगवाल्यांपेक्षा पक्कं असतं, कारण त्यांना चक्कर घ्यायचे असतात. गोल फिरताना कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव फिरू लागतो आणि थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो. शरीर सांगतं थांबलो, कान सांगतो फिरतोय, आणि त्या भांडणात मळमळ होते. म्हणून नजर समोरच्या एका बिंदूवर रोवून मान शेवटी झटक्यानं वळवायला शिकवतात. पण नजर कितीही पक्की असली तरी आत वडापाव असेल तर तो आपलं मत देतोच. आणि अगदीच काही नसेल तर दुगुनीत तत्कार पोचेपर्यंत पोटऱ्या संपावर जातात.

"आजोबा, सोपं आहे," ती म्हणाली. "वर्गाच्या आधी दोन तास पोळी-भाजीचा छोटा रोल. तेल कमी. उशीर झाला तर तासभर आधी अर्धं केळं. मग नुसते घोट. ताक नाही, ते पोटात डचमळतं."

अण्णांनी तेच कोष्टक आपल्या वेळेला बसवलं आणि फ्रिजवर लावलं. एक वाजता दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, म्हणजे वर्गापर्यंत पाच तास. साडेचारला एक केळं किंवा लहान वाटीभर पोहे, शेंगदाणे वगळून. पाचनंतर पाणी, तेही घोट-घोट. संकष्टीला दुपारची खिचडी एकदाच, आणि साडेचारला रताळं नुसतं उकडून. हे कोष्टक त्यांना लागू पडलं. डॉक्टरीणबाईंना वर्गाआधी पोहे चालत नाहीत, त्यांना दोन खजूर पुरतात. तिसऱ्या एका काकूंना केळ्यानंच ढेकर येतात. प्रत्येकानं आपलं बघून अर्धा तास मागेपुढे सरकवावं लागतं, आणि नवी गोष्ट खाऊन बघायची ती सर्वांगासनाच्या दिवशी नाही.

अण्णा सुधारले, पण जात कुठे जाते? आता ते दारातच उभे राहून प्रत्येकाला "काय खाल्लंत? कधी? तूप किती?" विचारतात, आणि उत्तर मनासारखं नसेल तर ताईंच्या वतीनं वज्रासन फर्मावतात. जेवणानंतर लगेच चालणारं आसन म्हणून त्याची ख्याती आहे, त्यामुळे एखाद्या दिवशी अर्धी बॅच वज्रासनातच बसलेली असते.

शिस्त त्यांनी वर्गानंतरलाही लावली आहे. त्याच अय्यंगारांच्या पुस्तकात आसनांनंतर अर्ध्या तासानं खावं असं सांगितलंय, आणि या वेळी अण्णांनी पूर्ण पान वाचलं. त्यामुळे बरोबर साडेसातला ते सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या भजीच्या गाडीसमोर उभे असतात. गाडीवाला पुडा बांधून पुढे करतो, तर अण्णा हात मागे घेऊन घड्याळ बघतात. "थांब रे, अजून दोन मिनिटं आहेत. तोवर आणखी दोन मिरच्या तळ."