गावाचा दाजी

पिंपरी पेंढारमध्ये सध्या निम्म्या शिवाराचा एकच दाजी आहे. त्याच्या लग्नाला आमच्यापैकी कुणी गेलेलं नाही, अक्षता टाकलेल्या नाहीत, मानपान केलेला नाही. तरी फोनमध्ये तो दाजीच. काम म्हणाल तर वायरमन.

हे नातं जुळलं कसं, तर ज्याचा तो खरा दाजी आहे, त्याने नंबर साहजिकच ‘दाजी’ नावाने ठेवलेला. ओढ्याकडच्या डीपीचा फ्यूज उडाला तेव्हा कुणीतरी ग्रुपवर वायरमनचा नंबर मागितला आणि ह्या भल्या माणसाने कार्ड पाठवलं. पाठवणाऱ्याने जे नाव ठेवलं असेल तेच नाव घेऊन कार्ड येतं. घेणाऱ्याने फक्त ‘सेव्ह’ दाबायचं. नावाच्या रकान्यात बोट घालून दोन अक्षरं बदलायला कुणी मनाई केलेली नाही, पण तेवढे कष्ट कोण घेतो? सगळ्यांनी दाबलं. एका रात्रीत त्या माणसाला एवढे मेहुणे झाले की दिवाळीचे आहेर द्यायचे म्हटले तर कर्ज काढावं लागेल.

इथवर गंमत आहे. पण बऱ्याच जणांना स्वतःचाही एक दाजी असतो. आमच्या शेजारच्या आप्पांचे मंचरला आहेत. आठवडा रात्रीच्या लाईटचा, कांद्याला भरणं चालू, मध्यरात्र उलटून गेलेली आणि एक फेज गेला. आप्पांनी फोन काढला. यादीत ‘दाजी’ आणि त्याखाली ‘दाजी’. वरचा लावला.

‘‘दाजी, फेज गेलाय. लगेच या.’’

‘‘कोण गेलंय?’’

‘‘फेज, फेज! कांदा सुकतोय.’’

पलीकडे घरभर दिवे लागले. बहिणीने फोन घेतला. माहेरी कोण गेलं हे कळेपर्यंत तिचं निम्मं रडून झालं होतं. दाजींनी त्यानंतर आप्पांशी बोलणं टाकलंय, ते वेगळंच. खरा वायरमन मात्र यादीत दुसरा होता, म्हणून सुखाने झोपला.

औषध साधं आहे. ज्याच्याकडे काम असतं, त्याचं काम आधी लिहावं, मग गाव किंवा जागा, मग नाव: ‘वायरमन ओढा डीपी’ आणि पुढे त्याचं नाव. नातेवाइकाचं नातं आधी, मग नाव, मग गाव: ‘दाजी’, नाव, ‘मंचर’. अडचणीच्या वेळी डोक्यात पहिला शब्द ‘वायरमन’ येतो, त्याचं पाळण्यातलं नाव येत नाही. शोधताना बहुतेक फोन नावातल्या कुठल्याही शब्दाची सुरुवात पकडतात, त्यामुळे ‘ओढा’ टाकलं तरी तो सापडेल. मग क्रम कशाला, असं हुशार माणूस विचारेल. कारण मोटरजवळ उभं राहून आपण शोधत नाही, अंगठ्याने यादी सरकवतो. यादी लागते पहिल्या शब्दाप्रमाणे, आणि अरुंद पडद्यावर लांब नावाची शेपूट कापली जाते. महत्त्वाचं ते पुढे हवं.

एकच माणूस मंडप घालतो, जेसीबी चालवतो आणि लग्नात शूटिंगही करतो, त्याचं काय? ‘मंडप जेसीबी शूटिंग आळेफाटा’ असं सरळ लिहावं. तीनपैकी काहीही शोधलं तरी तोच हाताला लागतो. तसाही तिन्ही कामांना तोच येणार आणि तिन्हींना उशिरा येणार.

लिपीचा मात्र निकाल एकदाच लावावा. अर्धी नावं मराठीत आणि अर्धी इंग्रजीत ठेवली की यादीचे दोन वाटे होतात. `Wireman` एका टोकाला बसतो, ‘वायरमन’ दुसऱ्या टोकाला, आणि एक टाइप केल्यावर दुसरा सापडेल याचा भरवसा नाही. त्यात ‘वायरमेन’, ‘वायरमॅन’ आणि `vayarman` हे चुलतभाऊ आहेतच. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण रात्री चिखलाच्या बोटांनी जी लिपी पटकन टाइप होते तीच ठेवावी. आणि नंबर सिमवर ठेवू नयेत. तिथे नावाला जागा फार थोडी, कित्येक सिमवर जेमतेम चौदा इंग्रजी अक्षरं. देवनागरीला त्याहून कमी मिळते, कारण तिथे देवनागरीचं एक अक्षर इंग्रजी दोनांची जागा खातं आणि काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. ‘वायरमन’ लिहून संपेपर्यंत जागा संपली तर ओढा कुठे लिहायचा?

घरातल्या नावांचा घोळ आणखी गोड. बापाच्या फोनमध्ये पोरगी ‘आई’ शोधते आणि लागतो आजीला. फोन ज्याच्या हातात, त्याच्याप्रमाणे नातं बदलतं. अपघातात फोन तिसऱ्याच्याच हाती पडला तर त्याला ‘पिल्लू’, ‘होम मिनिस्टर’ आणि ‘डॉन’ यांतून तुमची बायको ओळखायची असते. म्हणून नात्यापुढे नाव हवंच. ऑफिसातल्या ‘सर’, ‘सर २’ आणि ‘मोठे सर’ यांनाही हाच न्याय. एकाची तक्रार दुसऱ्याकडे करायला जाऊन पहिल्यालाच ऐकवलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत.

पण माझा खरा राग आहे तो ‘नवीन’वर. वायरमनची बदली झाली की जुना तसाच राहतो आणि खाली ‘वायरमन नवीन’ येतो. पुढच्या बदलीला ‘वायरमन नवीन २’, मग ‘वायरमन एकदम नवीन’. तो एकदम नवीन माणूस आता म्हातारा होत आला, तरी आमच्या फोनमध्ये नवाच आहे! अरे, बदली झाली तर जुनं नाव काढून टाका. ठेवायचंच असेल तर नव्यापुढे साल घाला: ‘वायरमन ओढा डीपी २०२५’. साल शिळं झालेलं निदान दिसतं, ‘नवीन’ कधीच शिळं होत नाही. आणि मुळात आम्ही मध्यरात्री वायरमन शोधत का बसलोय, हे कुणी विचारत नाही. थ्री फेज रात्री का? उसात बिबट्या, बांधावर शेतकरी, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात चार ‘नवीन’ असलेला फोन. दिवसा लाईट दिली तर हे सदर लिहायला विषय उरणार नाही, तो तोटा मी सोसायला तयार आहे. बिबट्याचा विषय निघालाच आहे तर, त्याच्यासाठी १९२६ आहे, आजारी जनावरासाठी १९६२ आहे. आकडे ठरवताना कुणाच्या मनात काय होतं देव जाणे, पण शेवटचे दोन इकडचे तिकडे झाले की बिबट्याला तपासायला जनावरांचा डॉक्टर बोलवाल. हे आकडे पाठ करू नयेत, ‘बिबट्या’ आणि ‘गाय आजारी’ अशाच नावांनी ठेवावेत. घाबरलेल्या माणसाला सालासारखे दिसणारे आकडे आठवत नाहीत.

ह्या सगळ्या भानगडीत शिस्तशीर फोन मी एकच पाहिला, तो खुद्द वायरमनचा. डीपी आधी, मग मोटर किती एचपीची, मग माणूस. ओढ्याची डीपी उघडली की सगळे खातेदार ओळीने उभे. कौतुकाने मी माझं नाव शोधायला सांगितलं. त्याने जरा आढेवेढे घेतले, मग दाखवलं: ‘ओढा ५ एचपी पेपरवाला रात्री उचलू नये’.