चिरंजीव, मालपुवा आणि जाळी

स्टुटगार्ट, धुळवड

ती. आईंना सा. न.

ही हकीकत बातमीसारखी वाचावी, म्हणजे सूनबाईंनी कुणाची बाजू घेतली असं वाटणार नाही.

काल होळीला तुमच्या चिरंजीवांनी पुरणाला सुट्टी दिली आणि मालपुवे जाहीर केले. एक वाटी मैदा, दोन चमचे रवा, खवा मिळेना म्हणून अर्धी वाटी दूध पावडर, दोन चमचे साखर, बडीशेप आणि वाटीभर दूध. पीठ सरसरीत झालं. पण मैदा म्हणून त्यांनी घेतला होता ब्रेडचा, ५५० नंबरचा. नाजूक कामाला इथे ४०५ नंबरचा घेतात. शिवाय भिजवून अर्धा तास ठेवल्यावर रव्याने दूध पिऊन टाकलं, आणि सरसरीत पिठाचं भज्यांचं पीठ झालं. ते कुणी पाहिलंच नाही.

पहिला मालपुवा तुपात पडला तिथेच बसला. कडेला जाळी नाही, मधे कच्चा. चिरंजीवांनी डोशासारखी पळी फिरवून तो पसरवायला घेतला, तर त्याचा नकाशा झाला.

मग भरपाई म्हणून त्यांनी भसकन पाव वाटी दूध ओतलं. दुसरा मालपुवा हसला! अनारसा हसतो तसाच, तुपभर चुरा. त्यात त्यांनी गोडासाठी चोरून आणखी साखर घातली होती, हे नातीने उघडकीस आणलं. साखर जास्त झाली की पीठ धरून राहत नाही, हे तुम्ही अनारशाच्या वेळी कितीदा सांगितलंय.

शेवटी सूनबाईंनी दोन चमचे मैदा घालून पीठ दहा मिनिटं झाकून ठेवलं. पळीतून धार सलग पडायला हवी आणि तिची रेघ पिठावर दोन-तीन क्षण दिसून मिटायला हवी. तशी मिटली. पसरट तव्यात बोटाच्या पेराएवढं तूप, आच मध्यम. तूप फार तापलं तर पीठ पसरायच्या आत धरतं. थंड असेल तर नुसतं तूप पितं. पळीभर पीठ तुपाच्या जवळून, एकाच जागी, हात न हलवता सोडलं. ते आपणच गोल पसरलं. कडेला पातळ झालेल्या थरातून वाफेचे बुडबुडे फुटले, त्यांची भोकं तशीच तळली गेली आणि जाळी झाली. मधे थर जाड, वाफ आतच राहिली, म्हणून तो भाग मऊ. कडा तांबूस झाल्यावरच उलटला, मग झाऱ्याने दाबून तूप निथळलं आणि कोमट, बोटाला चिकटणाऱ्या पाकात मिनिटभर बुडवला.

नातीने सगळ्यांच्या कडा गोल गोल कुरतडून खाल्ल्या. उरलेल्या मऊ चकत्या चिरंजीवांच्या ताटात गेल्या, नकाशासकट.

तुमची सूनबाई

ता. क. अनारशाचं पीठ पार्सलने पाठवू नये. चिरंजीवांचा डोळा आता तिकडे आहे.