सव्वातीनच्या आत बाहेर पडा

दिवसभर सौदा बरोबर दिशेने गेला आणि संध्याकाळी खात्यात तोटा दिसला, अशी तक्रार लहान गुंतवणूकदारांकडून सतत ऐकू येते. यात भावाचा दोष नसतो. सौदा वेळेत न काटल्याचा हा दंड असतो.

एक हिशेब मांडू. 200 रुपये भावाने 100 शेअर इंट्राडेत घेतले. सौदा 20 हजारांचा, पण पाचपट मर्यादेमुळे मार्जिन अडकले फक्त 4 हजार. विक्रीची लिमिट ऑर्डर 203 ला लावून ठेवली आणि माणूस निर्धास्त झाला. भाव तिथवर गेलाच नाही. बाजार साडेतीनला बंद होतो, पण बहुतेक ब्रोकर सव्वातीन ते तीन पंचवीसच्या दरम्यान इंट्राडे सौदे स्वतः काटायला घेतात. आधी तुमची पडून असलेली ऑर्डर रद्द होते, मग मार्केट ऑर्डर जाते आणि मिळेल त्या भावाला माल विकला जातो. समजा 200.30 मिळाले. नफा 30 रुपये.

आता कापाकापी. ऑटो स्क्वेअर ऑफचे अनेक ठिकाणी 50 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 59. दोन्ही बाजूंची दलाली 0.03 टक्क्याने 12, एसटीटी 5, बाकी किरकोळ चार. हातात जवळपास 50 रुपयांचा तोटा. हाच सौदा त्याच भावाला स्वतः तीन वाजून दहा मिनिटांनी काटला असता, तर 9 रुपये उरले असते. शिवाय आकार प्रत्येक ऑर्डरवर लागतो. पाच सौदे उघडे राहिले तर 295 रुपये गेले.

ब्रोकर आकार घेतो, याला माझा आक्षेप नाही. आक्षेप हा, की ऑर्डर टाकताना पडद्यावर मार्जिन ठळक दिसते आणि हा आकार दरपत्रकाच्या तळाशी असतो. तो तिथेच, खरेदीच्या बटणाशेजारी दिसला पाहिजे.

आणि ब्रोकर सौदा काटेलच, याची हमी कुणी देत नाही. शेअर लोअर सर्किटला अडकला तर घेणाराच नसतो. मग तो माल डिलिव्हरीत येतो. तुमच्याकडे 4 हजार आहेत आणि देणे 20 हजारांचे आहे. उरलेल्या 16 हजारांवर व्याज लागते आणि पैसे भरले नाहीत तर ब्रोकर पुढच्या दिवशी पडलेल्या भावाला विकून मोकळा होतो. आधी विकून बसलेल्याचे हाल याहून वाईट. अप्पर सर्किटला माल मिळाला नाही, तर सौदा लिलावात जातो आणि तिथला चढा भाव तुमच्या माथी बसतो.

म्हणून आजच आपल्या ब्रोकरचे दरपत्रक उघडा, स्क्वेअर ऑफची नेमकी वेळ आणि आकार पाहा आणि त्या वेळेच्या दहा मिनिटे आधीचा गजर मोबाइलवर लावा. कॉन्ट्रॅक्ट नोटवर थांबू नका, लेजरही तपासा. हा आकार अनेकदा तिथेच वेगळा टाकलेला असतो.