पराच्या पापाचे पुण्य

एक लाखाचा माल घेऊन त्यावरचा १८,००० रुपये जीएसटी बँकेतून चुकता केला, म्हणून खरेदीदाराने कर दिला असे मानण्याची घाई कायदा करत नाही, हे स्तुत्यच आहे. पुरवठादाराने ते बिल ११ तारखेपर्यंत आपल्या मासिक जीएसटीआर-१ मध्ये चढवले, तरच १४ तारखेला ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उगवते. त्याने चुकून दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर टाकला, तर क्रेडिट तिकडे दिसते आणि खरा खरेदीदार २० तारखेला तेच १८,००० पुन्हा रोख भरतो. दुरुस्ती पुरवठादारानेच करायची. खरेदीदाराने फक्त फोन करायचे. याच न्यायाने शेजाऱ्याने वीजबिल थकवल्यास आपला मीटर काढून न्यावा; शेजारधर्म वाढेल.

कोणी म्हणेल, यामुळे बोगस बिले थांबतात. आक्षेप रास्त आहे. खरा माल विकणाऱ्याला कामाच्या धबडग्यात तारीख चुकते. माल नसलेल्याला मात्र बिल चढवण्यावाचून दुसरे कामच नसते. म्हणूनच त्याचे बिल २बी मध्ये वेळेवर, पैशापैशाने जुळलेले असते. शिस्तप्रिय खरेदीदाराने त्याच्याकडूनच खरेदी करावी.