जादा पुस्तके मिळणेबाबत

‘प्रति, माननीय ग्रंथपाल बाई. विषय : पुराणकथा व लोककथांची जादा पुस्तके मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून...’ इथपर्यंत पत्राला पैकीच्या पैकी गुण. सही मात्र ‘आपली आज्ञाधारक, अ. ब. क.’ पत्रलेखनात खरं नाव लिहायचं नसतं, हे आमच्या मुलांच्या अंगात इतकं मुरलंय. देवघेवीची नोंदवही उघडली, तर भोपळ्यातून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीचं पुस्तक सारखं एकाच नावावर चढलेलं. सातवी ब. सापडली!

मजकूर असा : ‘आपल्या कपाटात बिरबल फार झाला आहे. तेनालीरामही आहे, पण तो बिरबलाचेच विनोद करतो. इंद्राचे पुस्तक हवे. थॉरचेही हवे. दोघेही विजा पाडतात, तर ते नातेवाईक आहेत का, हे कृपया कळवावे. भोपळ्याच्या गोष्टीत आजी म्हणते वाघ आणि कोल्हा, पुस्तकात नुसता कोल्हा. खरे कोणते? दोन्ही पुस्तके मागवावीत, ही नम्र विनंती.’

नातेवाईक आहेत की नाहीत ते पंडितांनी ठरवावं. शेजारी मात्र नक्की आहेत. मेलव्हिल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1876 साली जगातल्या सगळ्या ज्ञानाला दहा खोल्या दिल्या. धर्माला 200 ची. त्यातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आणि उरलेलं अख्खं जग 290 च्या खोपटात दाटीवाटीनं राहायला गेलं. ग्रीकांचा झ्यूस 292 मध्ये, थॉर 293 मध्ये, आपला इंद्र 294.5 मध्ये. विजा पाडणारे तिघे एकाच फळीवर. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, “मग बाई, ते रात्री भांडत असतील.” आमच्या कपाटाची कुरकुर आजवर मी वाळवीच्या नावावर टाकत होते.

भोपळ्यातली म्हातारी मात्र तिथे नाही. ती समाजशास्त्राच्या दालनात, 398.2 ला. अलीकडे 395 मध्ये शिष्टाचाराची पुस्तकं, पलीकडे 398.9 मध्ये म्हणी. म्हणजे ज्या मुलाला ‘गोष्टी’ हव्यात, त्याने अर्ध्या गोष्टींसाठी धर्माच्या कपाटाशी जायचं आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी समाजशास्त्राच्या. त्यातल्या धर्माच्या कपाटाची किल्ली ऑफिसात, कारण त्याच कपाटात क्रीडादिनाच्या ढाली ठेवलेल्या!

वाघ की कोल्हा, याचं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, पण ते मुलांना पटत नाही; एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर, हे त्यांना आम्हीच शिकवलंय. हीच म्हातारी बंगालीत दुधीभोपळ्यात बसते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी 1910 च्या ‘टुनटुनीर बोई’ या पुस्तकात ती आणली. इराणातही तिचा भोपळा गडगडत जातो. ‘आत्ता मी हडकुळी आहे, लेकीकडून जाड होऊन येते, मग खा’ ही तिची युक्ती इतक्या देशांत चालली, की लोककथांच्या अभ्यासकांनी तिला स्वतंत्र क्रमांकच दिला : 122 एफ. वाटेत कोण भेटतं, हे त्या त्या गावच्या रानावर आणि सांगणाऱ्या आजीवर अवलंबून.

म्हणून लोककथांचं पुस्तक घेताना मी आधी पाहते, ती आजी पुस्तकात आहे का. 1868 साली मेरी फ्रियरने ‘ओल्ड डेक्कन डेज’ काढलं. ती मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. गोष्टी सांगितल्या ॲना लिबराता डिसूझा या तिच्या आयाने, आणि त्या पुस्तकात ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची हकिकतही छापलेली आहे. आमच्याकडे येणाऱ्या चकचकीत पुस्तकांत मात्र कागद किती जाड ते लिहिलेलं असतं. गोष्ट कुठली, कुणी सांगितली, याचा पत्ता नसतो.

दुसरी कसोटी अर्जदार बाईंची. पुस्तकविक्रेता नमुने घेऊन आला, तेव्हा तिला मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. तिने एकाही पुस्तकाचं पहिलं पान उघडलं नाही. सरळ गोष्टीच्या शेवटी जाऊन बोट ठेवायची. तिथे चौकटीत ठळक ‘तात्पर्य’ दिसलं, की पुस्तक डावीकडे. डावीकडचा ढीग वाढत गेला. उजवीकडे एकच बारकं, फाटक्या मुखपृष्ठाचं पुस्तक; त्यात सून सासूला चक्क फसवते आणि पुढे तिचं काहीही वाईट होत नाही.

विक्रेत्याने घाम पुसला. “बाई, तात्पर्य नसलेला माल शाळा उचलत नाहीत हो,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “असं करा, डावीकडची सगळी घ्या, तीस टक्के सूट देतो. आणि बिरबल वर फुकट.”