पावडरवाल्या नातवास

चि. मन्या,


तुझ्या पावडरीच्या डब्याचा फोटो पाहिला. एवढ्या मोठ्या डब्यात आम्ही नंदुरबारला वर्षाचं तिखट भरतो. आजोबा म्हणाले, "पोरगं कुस्तीच्या फडात उतरलं का काय?"

वरणात काही सत्त्व नसतं, असं तुझा जिमवाला म्हणतो. मी गृहशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे त्याचा पेपर मीच तपासते. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. पण वाटीभर वरणाला डाळ लागते जेमतेम ३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं साडेसहा ग्रॅमच. इथे त्याला अर्धा गुण.

उरलेला अर्धा कापला, कारण वरण कोणी नुसतं पीत नाही. कळण्याची भाकरी आठवते? चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खे उडीद आणि थोडं मीठ, एकत्र दळलेलं. लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक ज्वारीत कमी, तो उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी पडतं, ते ज्वारी थोडंफार भागवते. सासू-सुनेचं असं जमलं असतं तर आपल्या गल्लीत शांतता नांदली असती.

आता तुझ्या रक्तातल्या लोहाचं. डाळीत लोह असतं, पण ते अंगी लागायला कुरकुर करतं; डाळीतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. आंबट घातलं की लोह सुटं होऊन जास्त शोषलं जातं. म्हणून सातपुड्याचं आमचूर पाठवतेय. त्यातलं क जीवनसत्त्व वाळवतानाच बरंचसं गेलेलं असतं, पण आम्लं शिल्लक असतात. क जीवनसत्त्वासाठी ताटात वरून लिंबू पीळ. उकळत्या वरणात पिळलंस तर बरंचसं उष्णतेनं जाईल.

आमचूर डाळ शिजल्यावरच घाल. आधी घातलंस तर आंबटपणानं दाणा टणक राहतो आणि मग तू फोन करून नवापूरच्या डाळीला नावं ठेवशील. दाणा दोन बोटांत दाबून पाहा. मधे कणी लागली तर आमचुराचा डबा बंदच राहू दे.

आणि जेवणावर लगेच चहा नको. तास-दीड तास थांब. त्यातले टॅनिन लोहाला अडवतात. आजोबांना हे पटलेलं आहे, पण ते चहा पितातच.

हळदीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नकोस. आत्या पाठवते त्या व्हिडिओत हळद सगळे रोग पळवते. माझ्या फोडणीतली चिमूटभर हळद तेवढी शूर नाही. वाळल्या लाल मिरचीचं मात्र ऐक: तिच्यात अ जीवनसत्त्व देणारी द्रव्यं असतात आणि ती तेलात विरघळतात. म्हणून तिखट तेलात परतायचं, पण आच मंद ठेवून. तिखट काळं पडलं तर रंग गेला, चव गेली आणि तुझ्या खोलीतला धुराचा गजर तेवढा वाजत राहील. मागच्या वेळी इमारतीतली सगळी माणसं खाली उतरली होती म्हणे. पुढच्या वेळी त्यांना जेवायलाच बोलाव, भाकरी जास्तीच्या थाप.

आमचुराची पुडी आत्याच्या बॅगेत आहे. तिच्यावर मी 'आमचूर' असं ठळक लिहिलंय. विमानतळावर विचारलं तर 'पांढरी पावडर' म्हणू नकोस, असं तिला बजावलं आहे.

तुझी,
आजी