वर्दीतल्या पाहुण्यांचा परिचय कसा करून द्यावा

जानेवारी उजाडला की कॉलेजांत रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतात, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं सभागृहात खुर्च्या मांडू लागतात आणि दुसऱ्या वर्षातल्या एखाद्या बोलक्या मुलीला फर्मान सुटतं, ‘पाहुण्यांचा परिचय तू करून दे.’ तिच्यापुढे दोन वाटा असतात. गेल्या वर्षीचा कागद शोधून त्यात नाव बदलणं ही पहिली वाट, आणि ती चांगली मळलेली आहे. दुसरीत थोडे कष्ट आहेत. पुढचं मार्गदर्शन त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी.

खांद्यावरचे तारे मोजून हुद्दा ठरवू नये. महाराष्ट्र पोलिसांत उपनिरीक्षकाला दोन तारे असतात, इथवर ठीक आहे. पण तीन तारे निरीक्षकालाही असतात आणि सहायक निरीक्षकालाही. फरक असतो तो ताऱ्यांजवळच्या फितीत, आणि ती व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाहून काही दिसत नाही. सहायक निरीक्षकांना ‘निरीक्षक’ म्हटलं तर ते विनयाने गप्प बसतात. निरीक्षकांना ‘सहायक’ म्हटलं तर तेही गप्प बसतात, पण ती शांतता वेगळी असते. म्हणून आदल्या दिवशी वाहतूक शाखेत फोन करावा आणि नाव, हुद्दा, सध्याची नेमणूक लिहून घ्यावी.

याहून मोठा घोटाळा आरटीओचा. ‘आपल्याला लायसन्स देणारे साहेब आज आपल्यात आहेत’ हे वाक्य टाळ्यांसाठी उत्तम असलं तरी वाहतूक पोलिसांना लागू पडत नाही. लायसन्स देतं परिवहन खातं. वाहतूक पोलीस येतात गृह खात्याकडून. ते लायसन्स तपासतात. हे वाक्य एकदा बोलून झालं, की शिकाऊ लायसन्सची ऑनलाइन परीक्षा का अडकली याचा जाब पुढचा अर्धा तास बिचाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना द्यावा लागतो.

पदकांबाबतही उदार होऊ नये. पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह वेगळं आणि राष्ट्रपतींचं पदक वेगळं. सगळ्यांना सरसकट राष्ट्रपती पदक बहाल करण्याचा अधिकार सूत्रसंचालकाला नाही.

आता भाषेकडे येऊ. ‘कर्तव्यदक्ष, धडाडीचे, तरुणांचे प्रेरणास्थान’ ही विशेषणं कुणालाही चिकटतात, म्हणून कुणाचीच होत नाहीत. ‘आपल्या शहराचे सिंघम’ म्हणू नये; चित्रपटातला सिंघम गाड्या हवेत उडवतो, आणि कार्यक्रम नेमका त्याविरुद्ध आहे. जवळीक साधायला ‘मामा’ही म्हणू नये. तो शब्द मागच्या बाकांवर सुखाने नांदतो आहे, त्याला माइकवर आणायची गरज नाही. ‘आज साहेब पावती फाडणार नाहीत ना?’ हा विनोद तर पाहुण्यांनी दरवर्षी ऐकलेला असतो. सभागृह हसतं, ते कसंबसं हसतात आणि पुढचं भाषण आपोआप दंडाच्या तक्त्यावर जातं.

मग म्हणायचं काय? पाहुण्यांच्या कामातली एक खरी गोष्ट आणि मुलांच्या मनातला एक खरा प्रश्न, एवढं पुरतं. समजा, वाहतूक शाखेच्या एक सहायक निरीक्षक येणार आहेत आणि अपघात झाल्यावर त्या स्वतः जागेवर जातात, असं फोनवर कळलं. परिचय असा करता येईल:

‘महामार्गावर अपघात झाला की पंचनाम्यासाठी मॅडम स्वतः जागेवर असतात. आपल्यापैकी कित्येकांनी असा अपघात पाहिला आहे आणि गाडी न थांबवता पुढे गेलो आहोत, कारण मदत केली तर पोलीस स्टेशनच्या चकरा माराव्या लागतील, असं घरी ऐकलेलं असतं. हे कितपत खरं आहे, ते आज त्यांनाच विचारू. मॅडम, आपलं स्वागत.’

वाचायला मिनिटभरही लागत नाही. ‘मॅडम’ आणि ‘आपलं’ यांत आदर आला, प्रश्नात मोकळेपणा आला. मुख्य म्हणजे पाहुण्यांना भाषणाचं टोक सापडलं. उत्तरही त्यांच्याकडे तयार असतं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. पण हे उत्तर परिचयात सांगून टाकू नये. अभ्यास केलाय हे दाखवायच्या नादात पाहुण्यांचं अर्धं भाषण स्वतःच उरकणारे सूत्रसंचालक कमी नाहीत.

परिचय झाला की माइक द्यावा आणि खाली बसावं. शाल, श्रीफळ, रोप यांचं काय ते प्राचार्य बघतील.

एक व्यवस्थेची सूचना राहिली. पाहुण्यांच्या स्वागतासाठी गेटवर जाणाऱ्या स्वयंसेवकांनी एकाच दुचाकीवर तिघांनी जाऊ नये. कायद्यात त्यासाठी १,००० रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन्सवर पाणी सोडावं लागतं.